शर्टावरची दारू

दारूचं निमित्त सांगणाऱ्या माणसांचा मला लहानपणापासून तिटकारा आहे. गिरणी बंद पडल्यावर माझे वडील संध्याकाळी झिंगून घरी यायचे, ताट भिरकावायचे, आईच्या अंगावर धावून जायचे. सकाळी आई शेजारणींना सांगायची, "ते तसे नाहीत हो, शुद्धीत नव्हते." कांजूरमार्गच्या आमच्या चाळीत ते पटायचंही सगळ्यांना. शुद्ध घालवली कोणी, हे मात्र कोणी विचारायचं नाही. मी विचारलं होतं एकदा आणि आईची थप्पड खाल्ली होती.

पुढे वकिलीच्या वर्गात कळलं की कायदा हा प्रश्न विचारतो. तुला नकळत किंवा जबरदस्तीनं कोणी पाजलं असेल आणि आपण काय करतोय हेच तुला उमगत नसेल, तर तू सुटशील. पण स्वतःच्या हातानं प्यायलास, तर शुद्धीतल्या माणसाला जी जाण असते ती तुलाही होती असंच धरलं जाईल. मला इतका आनंद झाला होता की घरी येऊन वडिलांना ते कलम मोठ्यानं वाचून दाखवलं. ते तेव्हा प्यायलेले होते आणि त्यांनी छान छान म्हटलं.

हे सांगायचं कारण एवढंच की वर्सोव्याच्या त्या खुनाचे कागद हातात आले तेव्हा मी आधीच चिडलेली होते.

आरोपीला वकील ठेवणं परवडत नसेल तर सरकारतर्फे दिला जातो. अशा कामांच्या यादीत माझं नाव आहे, आणि उपनगरातल्या सत्र न्यायालयात माझी बरीचशी हयात त्याच कामात गेली आहे. आरोपी कोळीवाड्यातला, तिशीच्या आतला, सख्ख्या काकांच्या होडीवर जाणारा. भर दुपारी होडीपाशी जाळं दुरुस्त करत बसलेल्या काकांच्या डोक्यात त्यानं वल्हं घातलं. एकदा नाही, चारपाचदा. पोलीस आले तेव्हा त्याच्या शर्टाला दारूचा भपकारा येत होता. आईनं जबाब दिला, "पोरगा प्यायलेला व्हता." शेजाऱ्यांनीही तेच सांगितलं. तो कधीमधी पिऊन तमाशा करायचा, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

मी मनात हिशेब मांडून टाकला. दारू असली तरी सुटका नाही. फार तर असं म्हणता येईल की नशेत ठार मारायचा नेमका हेतू त्याच्या मनात तयारच होऊ शकला नाही. जाण धरली जाते, हेतू आपोआप धरला जात नाही. तेवढं पटलं तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवधावर येईल, जन्मठेपेऐवजी काही वर्षांवर भागेल. पण चारपाच घाव डोक्यात, त्यामुळे तेही कठीणच. बेवड्यासाठी एवढं केलं तरी खूप झालं, असं माझ्या मनात होतं. तसंच होतं, ते झाकून उपयोग नाही.

तुरुंगात त्याला भेटायला गेले. समोर एक शांत, जरा सुस्त मुलगा येऊन बसला. तुरुंगातल्या डॉक्टरांनी त्याला कसल्या गोळ्या सुरू केल्या होत्या. सुरुवातीला तो भिंतीशी बोलायचा म्हणे, आता बरा होता. खटला चालवण्याइतकी समज त्याला आहे का, हे न्यायालयानं आधीच तपासून घेतलं होतं. आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण ते आजचं झालं. त्या दुपारी त्याच्या डोक्यात काय होतं, ते आज तपासून कोणाला कळणार?

मी विचारलं, "किती प्यायला होतास?"

"मी नव्हतो प्यायलो, मॅडम. मी पितच नाय."

"आई म्हणते प्यायला होतास."

त्यानं थोडा विचार केला. "मग असेन. आई कशाला खोटं बोलेल?"

"काकांशी भांडण झालं होतं?"

"नाय हो. काकांनी तर मला होडी शिकवली." मग माझ्याकडे न बघता, खालच्या आवाजात तो म्हणाला, "ते काका नव्हते. म्हणजे तेव्हा मला तसं वाटलं. काकांचं तोंड लावून कोणीतरी बसलाय आणि काकांना त्यानं होडीत खाली कोंबलंय. मला जाळ्यात बांधून समुद्रात सोडणार. मी त्याला मारलं, की काका बाहेर येतील. आता कळतं, काकाच होते ते."

मी अनेकांची नाटकं पाहिली आहेत. वेड पांघरणारे लोक पोलिसांसमोर हसतात, केस उपटतात, आणि पंखा बंद झाला की चालू करा म्हणतात. हा मुलगा काहीच पांघरत नव्हता. उलट आपल्या अंगावरचं कोणी ओढून घेतलं तरी त्याची तक्रार नव्हती.

परत येऊन कागद पुन्हा वाचले, या वेळी राग बाजूला ठेवून. अटक झाली त्याच दुपारी, दोनेक तासांत, त्याचं रक्त घेतलं होतं. प्रयोगशाळेचा अहवाल मागाहून आला होता आणि कोणी त्याकडे फारसं पाहिलं नव्हतं. रक्तात दारू नव्हती. मग शर्टावर कुठून आली?

वर्सोव्याला त्यांच्या घरी गेले. दोन भावांची दोन घरं एका भिंतीची, आणि दोन्ही स्वयंपाकघरांच्या मध्ये एक दार. ते दार उघडंच होतं. पलीकडे मारल्या गेलेल्या काकांची बायको, म्हणजे आरोपीची काकू, चुलीजवळ बसली होती. खून होऊन दीड वर्ष उलटलं होतं, काकूनं पुतण्याविरुद्ध जबाब दिला होता, तरी मधलं दार उघडं. एकीचं मीठ संपलं तर दुसरी त्या दारातून हात लांबवत होती. मी ते पाहून थक्क झाले. आरोपीच्या आईनं सांगितलं, "दारूचा राग दारूवर. पोर तिला पण आपलाच ना."

ओट्यावर ती बोंबील साफ करत बसली होती. नवरा कधीच गेलेला, बाजारात मासळी विकून तिनं दोन मुलं वाढवलेली. मी शेजारी बसले आणि आवाज खाली आणून विचारलं, "मावशी, तो खरंच प्यायला होता?"

"व्हता. तसाच लिवा. शुद्धीत नव्हता, असा लिवा."

माझ्या आईचेच शब्द. माझं डोकं सणकलं. "मावशी, दारू म्हटलं की तुमच्या गल्लीत माफी मिळत असेल. कोर्टात नाही मिळत. स्वतः प्यायला ना, मग भोग, असं म्हणतो कायदा. जन्मठेप होईल त्याला."

सुरी थांबली. "आणि डोक्याचा आजार असला तर?"

"त्या वेळी आपण काय करतोय, किंवा ते वाईट आहे, हे आजारापायी त्याला कळतच नसेल, तर तो गुन्हाच होत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग एकदम उठली, मधलं दार लोटून आली आणि परत बसली. "म्हणजे मीच त्याला बुडवला?"

मग तिनं सगळं सांगितलं. मुलगा विशीत आला तेव्हापासून त्याला आवाज ऐकू यायचे. रात्री उठून बसायचा, कोणी मारायला येतंय म्हणायचा. भगत झाला, धागे झाले. शेवटी कोणीतरी सांगितलं म्हणून तिनं त्याला ओळखीचं कोणी दिसणार नाही अशा लांबच्या, घाटकोपरच्या इस्पितळात नेलं. गोळ्या सुरू झाल्या, तो बरा राहू लागला. तरी अधूनमधून बिघडायचा, गल्लीत ओरडायचा. तेव्हा ती त्याला धरून आत न्यायची आणि देवाला दाखवायला म्हणून घरात असायची त्या बाटलीतली दारू त्याच्या शर्टावर शिंपडायची. मग दार उघडायची. लोक वास घ्यायचे, हसायचे, आज जास्त झालेली दिसते म्हणायचे. बेवड्याच्या बहिणीचं लग्न जमतं. वेड्याच्या बहिणीला कोण करून नेणार?

"त्या दिवशी पण?" मी विचारलं.

"पोलिसांची गाडी दिसली. दुसरा काय सुचला नाय. हात आपसूक बाटलीकडं गेला."

मला तिला ओरडायचं होतं. तोंडही उघडलं होतं. पण माझी आई आठवली, आणि तिनं मला थप्पड का मारली होती तेही पहिल्यांदाच नीट कळलं.

"अजून एक हाय," ती म्हणाली. ते तिला सांगताच येईना. बोंबलाचे हात पदराला पुसत राहिली. मुलीचा साखरपुडा ठरला होता. गोळ्यांनी मुलगा दिवसभर पेंगायचा, तोंडातून लाळ गळायची. पाहुण्यांना काय दिसणार? म्हणून साखरपुड्याच्या आधी काही आठवडे तिनं गोळ्या देणं बंद केलं. मुलगा तजेलदार दिसू लागला. भावकीतले म्हणाले, पोरगा सुधारला. काका सगळ्यात जास्त खूश होते. त्यांनी त्याला नवा शर्ट घेतला होता. साखरपुड्याला तीन दिवस उरले असताना ते झालं.

"आजाराची गोष्ट जावेला ठाऊक नाय," ती म्हणाली. "गोळ्यांची तर कोनालाच नाय. पोरगी आता दुसरीकडं दिलीय, गोराईला. तिच्या सासरी पण दारूच सांगितलीय."

मी तिला त्याच दिवशी काय ते स्पष्ट सांगितलं. मनाचा आजार होता हे दाखवायचं ओझं आपल्यावर असतं. सरकारला गुन्हा जसा संशयापलीकडे शाबीत करावा लागतो तेवढं नव्हे, पण आपल्या बाजूचं खरं असण्याची शक्यता जास्त आहे, एवढं तरी न्यायाधीशांना पटायला हवं. आणि नुसता आजार असून भागत नाही. आजारी माणूसही समजून उमजून खून करू शकतो. त्या घटकेला त्याची समज गेली होती, हे आधीच्या, त्या वेळच्या आणि नंतरच्या वागण्यावरून दाखवावं लागेल. घाटकोपरचे डॉक्टर आजार सांगतील. पण गोळ्या कधी आणि का बंद झाल्या, हे फक्त एकच माणूस सांगू शकतो.

"पिंजऱ्यात उभं राहून?"

"हो."

"जाऊ असेल तिथं?"

"ती प्रत्येक तारखेला असते, मावशी."

तिनं मधल्या दाराकडे पाहिलं. मग पुन्हा बोंबील साफ करायला लागली. निघताना म्हणाली, "पोरीला इचारते." पोरीनं फोनवर काय उत्तर दिलं ते तिनं मला नंतर सांगितलं. आई, माझं लग्न झालं, आता तरी बोल.

आधी काकूची साक्ष झाली. ती सरकारी साक्षीदार. ओरडा ऐकून सगळ्यात पहिली तीच धावली होती. मी उलटतपासाला उभी राहिले. तिच्या नवऱ्याच्या मरणाबद्दल तिला विचारून तिच्या पुतण्याला सोडवायचं होतं. विचारलं, "तुम्ही पोहोचलात तेव्हा तो पळून जात होता का?"

"नाय. बसला होता."

"काय करत होता?"

सरकारी वकिलांनी मान वर केली. काकूला एक 'आठवत नाय' म्हणता आलं असतं. कोणीही तिला खोटं पाडू शकलं नसतं. ती म्हणाली, "होडीत वाकून हाका मारीत व्हता. काका, मेला तो, आता बाहेर या. परत परत तेच. मी यांचं डोकं मांडीवर घेतलं, तर मना बोलला, काकी, त्याला हात लावू नको, तो काका नाय."

"त्याच्या तोंडाला दारूचा वास?"

"तोंडाजवळ मी नव्हते गेले. शर्टाला होता. वरून ओतल्यासारखा."

मी आभार मानून बसले. इतकं खरं बोलणारी साक्षीदार माझ्या अख्ख्या वकिलीत मला मिळालेली नाही, आणि ती दुसऱ्या बाजूची होती.

आमच्याकडून आधी घाटकोपरचे डॉक्टर आले. आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, आपलं माणूस बदलून त्याच्या जागी तोतया बसलाय असं अशा आजारात वाटू शकतं हेही सांगितलं. औषध अचानक थांबलं तर आजार उसळतो. सरकारी वकिलांनी त्यांना बरोबर पकडलं, "घटनेच्या दिवशी तुम्ही त्याला पाहिलं होतं?" नव्हतं पाहिलं. रक्ताच्या अहवालावर सरकारी वकिलांचं म्हणणं असं की तोवर नशा उतरली असेल. डॉक्टर म्हणाले, नशा उतरली तरी शर्टाला एवढा भपकारा येण्याइतकी प्यायलेली दारू दोन तासांत रक्तातून नाहीशी होत नाही.

मग आई पिंजऱ्यात आली. ठेवणीतलं लुगडं नेसून, केसांत वेणी नाही, हातात रिकामी पिशवी. पिशवी कशाला आणली होती कोणास ठाऊक. आरोपीच्या जागेत मुलगा बसलेला, शेवटच्या बाकावर काकू.

दारूचं तिनं नीट सांगितलं. कितीदा शिंपडायची, बाटली कुठे असायची, त्या दिवशी काय केलं. सरकारी वकील मध्येच माझ्याकडे बघून हसले. पोलिसांना दिलेल्या खोट्या जबाबावर तिला पकडता येईल, हे त्यांना दिसत होतं. आता मला तो प्रश्न विचारायचा होता. मी कागद चाळले, पाणी प्यायले. न्यायाधीश म्हणाले, "वकीलबाई, पुढे?"

"घटनेच्या आधी त्याच्या गोळ्या चालू होत्या का?"

"नाय."

"कोणी बंद केल्या?"

तिनं मुलाकडे पाहिलं, मग थेट शेवटच्या बाकाकडे. "मी."

"का?"

"साखरपुडा व्हता. लाळ गळायची."

कोर्टात एरवी कुजबुज असते, टाईप करण्याचा आवाज असतो. टाईप करणारी मुलगी थांबली आणि 'लाळ' कसं लिहायचं म्हणून साहेबांकडे बघत राहिली. साहेबांनी इंग्रजीत सांगितलं. मागे बाक सरकल्याचा आवाज आला. काकू उठून बाहेर गेली होती.

सरकारी वकिलांचा उलटतपास कडक होता, आणि त्यांचं काम म्हणून रास्तही. "पोलिसांना तुम्ही सांगितलं, प्यायलेला होता. ते खोटं?" खोटं. "म्हणजे मुलाला वाचवायला तुम्ही खोटं बोलता?" हो. "मग आजही मुलाला वाचवायलाच आला आहात ना?"

ती म्हणाली, "साहेब, खोटा बोलले तेव्हा माजा काय गेला नव्हता. आज बगा ना, गेली ती उठून."

सरकारी वकिलांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. ते जुने माणूस आहेत, त्यांना कुठे थांबायचं ते कळतं. आरोपीच्या जागेत मुलगा गुडघ्यांवर डोकं टेकून बसला होता.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या, कारण कायद्यानं त्या वेगळ्या सांगाव्या लागतात. कृत्य याच्याच हातून घडलं. पण ते घडलं तेव्हा मनाच्या आजारामुळे आपण करतोय ते चूक आहे हे त्याला कळण्याची शक्ती नव्हती, म्हणून तो दोषी नाही. दारूची गोष्ट त्यांनी पूर्ण बाजूला ठेवली. अशा निकालानंतर माणूस चालत घरी जात नाही. त्याला सुरक्षित ठेवावं लागतं. त्याला मनोरुग्णालयात पाठवायचा आदेश झाला. पुढे नातलगानं अर्ज केला, तो नीट सांभाळला जाईल, कोणाला इजा करणार नाही, बोलावलं तेव्हा हजर केला जाईल अशी हमी दिली, तर घरी सोपवण्याचा विचार होणार होता.

आता त्या कलमांचे आकडे बदलले. तेव्हा चौऱ्याऐंशी होतं ते नव्या कायद्यात बावीस झालं. मजकूर जवळपास तोच आहे. मला अजून जुनाच आकडा आठवतो आणि त्याबरोबर बाक सरकल्याचा आवाज.

बाहेर जिन्यापाशी काकू उभी होती. मी मान खाली घालून जाणार होते, तिनं अडवलं. "बाई, त्यानंच मारला, पण त्यानं गुन्हा नाय केला. असाच बोलले ना साहेब?"

"हो."

"मी हाका मारल्याचं सांगितलं नसतं तर?"

अशा वेळी सांगायला वकिलांकडे भरपूर शब्द असतात. इतरही पुरावा होता, एका साक्षीवर काही ठरत नाही, वगैरे. मी म्हटलं, "तर सुटला नसता बहुतेक."

तिनं मान हलवली. "खरा व्हता ते सांगितला." मग थोड्या वेळानं, "गोळ्यांचा जाऊ मना अगोदर बोलली असती तर मीच यांना बोलले असते, चार दिवस त्याच्यासंगं एकटं बसू नका." आणि ती जिना उतरून गेली. तिच्या जाण्यात राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर पुढे कधीतरी वर्सोव्याला गेले तेव्हा मधलं दार बंद होतं. काकूनं पलीकडून फळी ठोकली होती. मिठासाठी हात लांबवायचा प्रश्नच उरला नव्हता. आई म्हणाली, "बरोबर केला तिनं," आणि मला चहा दिला. मी तो कसाबसा प्यायले. मुलाला निर्दोष ठरवलं, आणि या घरातली शिक्षा या बाईला दिली, आणि गोळ्या कोणी बंद केल्या, हा प्रश्न माझ्याच तोंडचा होता. माझं काम मी चोख केलं होतं. ते कोणी मला सांगितलं की अजून राग येतो.

दीड वर्षानं डॉक्टरांनी कळवलं की औषध चालू राहिलं तर त्याला घरी न्यायला हरकत नाही. आईनं लगेच अर्जाची तयारी करायला सांगितली. तो तयार आहे का, हे विचारायला मी रुग्णालयात गेले. आई बाहेर व्हरांड्यात थांबली, हातात कोलंबीच्या कालवणाचा डबा घेऊन.

तो जरा जाड झाला होता. बागेत काम करत होता. नर्स गोळी घेऊन आली तशी त्यानं आपणहून ती गिळली आणि जीभ वर करून दाखवली. मग माझ्याकडे वळला.

"घरी जायचंय ना?" मी विचारलं.

"मधलं दार उघडं आहे?"

खोटं बोलायचा मोह झाला. "नाही. फळी ठोकली आहे."

"मग नको, मॅडम. मी त्या घरात खोकलो तरी काकीला ऐकू जाणार. आईलाही सांगा, रोज तिथं बसून ते दार बघू नको म्हणावं."

"अरे, कोर्टानं तुला निर्दोष सोडलंय. ते तू केलं नाहीस. त्या दिवशी तू तू नव्हतास, हेच तर आपण दाखवलं."

माझं आवडतं वाक्य होतं ते. कोर्टातल्या शेवटच्या युक्तिवादातही वापरलं होतं.

"माहितीय," तो म्हणाला. "मी नव्हतो. पण काका तर होते ना."

काकांचा हिशेब कायदा मांडत नाही, कारण त्याचं काम शिक्षा द्यायची की नाही एवढंच ठरवण्याचं आहे, आणि ते त्यानं बरोबर ठरवलं होतं. मी अर्ज पर्समध्ये परत ठेवला.

व्हरांड्यात त्याची आई उठून उभी राहिली. "काय बोलला?"

मी तिला सांगितलं, अगदी तसंच. ती खाली बसली. डबा मांडीवर घेतला, झाकण घट्ट आहे ना पाहिलं. मग म्हणाली, "बाई, त्याला सांगून या. त्यानं नाय मारला. गोळ्या मी बंद केल्या. त्याला बोला, ते पाप माजं, माज्याकडंच ऱ्हाऊ दे."

मी डबा घेऊन परत आत गेले आणि सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं, डबा घेतला, आणि म्हणाला, "तिला बोला, आपल्या दोघांचं आहे ते."

निरोप घेऊन मी बाहेर आले, तेव्हा ती व्हरांड्यात वॉर्डच्या दाराकडे पाठ करून बसली होती.